दोन चिपा, एक केबल

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला की त्यावर उमटणारे चित्र कोणती ग्राफिक्स चिप पाठवते, हे लॅपटॉप किती ताकदवान आहे यावर ठरत नाही. केबल कोणत्या पोर्टात खोचली आहे यावर ते ठरते. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा असतात, त्यांत ही निवड बॅटरीचे काही तास कमी-जास्त करू शकते आणि खेळाचा किंवा व्हिडिओ संपादनाचा वेगही बदलू शकते. दोन्ही पोर्टांतून येणारे चित्र डोळ्यांना मात्र सारखेच दिसते. म्हणून फरक लक्षात येतो तो पंख्याच्या आवाजावरून, तळव्याला जाणवणाऱ्या उष्णतेवरून किंवा अपेक्षेआधी संपलेल्या बॅटरीवरून.

केबल कुठे जाऊन पोचते

अशा लॅपटॉपमधली पहिली चिप प्रोसेसरच्याच पोटात असते. ती स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, संगणकाची रॅमच वापरते आणि थोड्या विजेवर चालते. तिला इथे अंगभूत चिप म्हणू. दुसरी मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते. तिची मेमरी तिच्या शेजारीच असते, तिला वीजपुरवठ्याची स्वतंत्र व्यवस्था लागते आणि जड कामे तिच्यावर सोपवायची असतात. ही स्वतंत्र चिप. पत्रलेखन, ब्राउझर, स्लाइड यांसाठी पहिली पुरते. खेळ, त्रिमिती रचना, व्हिडिओचे संस्करण यांसाठी दुसरी.

चित्र तयार करणे आणि चित्र पडद्याकडे पाठवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि सगळ्या गोंधळाचे मूळ या फरकात आहे. प्रत्येक चिपमध्ये एक भाग आकडेमोड करून चित्र रंगवतो. दुसरा भाग, डिस्प्ले इंजिन, तयार चित्र मेमरीतून ओळीओळीने वाचतो आणि केबलवर सोडतो. साध्या पडद्यासाठी हे वाचन सेकंदाला ६० वेळा होते, वेगवान पडद्यासाठी १४४ किंवा त्याहून जास्त वेळा. पोर्टापासून निघालेल्या तांब्याच्या रेषा मदरबोर्डवरून यांपैकी एकाच चिपच्या डिस्प्ले इंजिनापर्यंत जातात. ही जोडणी कारखान्यात ठरते. सॉफ्टवेअरमध्ये कितीही पर्याय निवडले तरी रेषा हलत नाहीत.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बहुधा अंगभूत चिपला जोडलेला असतो. बाहेरच्या पोर्टांचे मात्र उत्पादकागणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांगणिक वेगळे असते. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट स्वतंत्र चिपकडे जाते आणि यूएसबी-सी पोर्टांपैकी एखादे अंगभूत चिपकडे. पातळ, कार्यालयीन लॅपटॉपमध्ये सगळीच पोर्टे अंगभूत चिपकडे असू शकतात. काही यंत्रांत दोन यूएसबी-सी पोर्टे शेजारीशेजारी असूनही एक इकडचे आणि एक तिकडचे असते.

एचडीएमआय स्वतंत्र चिपला देण्यामागे कारण आहे. इंटेलच्या जुन्या पिढ्यांतल्या अंगभूत चिपा थेट एचडीएमआयवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकत. माउसचा बाणदेखील त्यावर अडखळत सरकल्यासारखा दिसतो. पोर्ट स्वतंत्र चिपला जोडले की ही अडचण मिटत असे. शिवाय खेळणाऱ्यांना बाहेरच्या मॉनिटरवर जी-सिंकसारखी सोय हवी असते, आणि ती एनव्हिडियाच्या चिपला थेट जोडलेल्या पोर्टावर मिळते. म्हणजे ही जोडणी खेळणाऱ्याच्या सोयीची आहे. स्लाइड दाखवणाऱ्याची गरज त्यात धरलेली नाही, आणि बाजारात तोच लॅपटॉप दोघेही घेतात.

एका फ्रेमचा प्रवास

दोन चिपांमध्ये काम वाटून घेण्याची आजची रीत रूढ झाली ती एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमस तंत्रामुळे. त्याआधी वापरणाऱ्यालाच चिप निवडावी लागे. २००६ च्या सुमाराच्या सोनीच्या वायो एसझेड लॅपटॉपवर त्यासाठी चक्क एक सरकते बटण होते. एका टोकाला दीर्घ बॅटरी, दुसऱ्या टोकाला वेग. आणि बटण सरकवले की संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ऑप्टिमसने ही अदलाबदल टाळली. लॅपटॉपचा पडदा कायम अंगभूत चिपकडेच राहतो. जड काम आले की स्वतंत्र चिप जागी होते, चित्र रंगवते आणि तयार फ्रेम अंगभूत चिपच्या हवाली करते. काम संपले की ती झोपते.

हवाली करणे म्हणजे प्रत्यक्षात नक्कल करणे. फ्रेम स्वतंत्र चिपच्या मेमरीत तयार झालेली असते. तिथून ती पीसीआय एक्स्प्रेस या अंतर्गत मार्गावरून रॅममध्ये उतरवली जाते आणि अंगभूत चिपचे डिस्प्ले इंजिन तिथून ती वाचते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० इतके बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ८.३ मेगाबाइटची होते. फोर-के पडद्यावर बिंदू चौपट, म्हणून फ्रेम ३३ मेगाबाइटची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळजवळ दोन गिगाबाइटची वाहतूक.

मार्ग त्यासाठी पुरेसा रुंद आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या आठ पदरी जोडणीतून एका दिशेने सेकंदाला ७.९ गिगाबाइटपर्यंत माहिती जाऊ शकते; प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमी जाते. म्हणून फ्रेम अडकून पडत नाही, पण तिला वेळ लागतो. सेकंदाला साडेसहा गिगाबाइटचा वेग धरला तर फुल एचडी फ्रेम उतरवायला सव्वा मिलिसेकंद लागते आणि फोर-के फ्रेमला पाच. साठ हर्ट्झच्या पडद्यावर दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. त्यात सव्वा मिलिसेकंद सहज खपून जाते. १४४ हर्ट्झला हे अंतर सात मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरते, आणि तिथे पाच मिलिसेकंद म्हणजे मोठा वाटा.

नक्कल चालू असताना चिप पुढची फ्रेम रंगवायला घेऊ शकते. त्यामुळे दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या घटते ती या हिशेबाने वाटते त्यापेक्षा कमी. उशीर मात्र पुरता सोसावा लागतो: बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतच्या वेळात नक्कल करण्याचा वेळ मिळवावाच लागतो. सेकंदाला ५० फ्रेम देणाऱ्या जड खेळात हा फरक बहुतेकांना कळतही नाही. सेकंदाला २०० फ्रेम देणाऱ्या हलक्या, चपळाईच्या खेळात तो आकड्यांत आणि हातालाही जाणवतो. फ्रेम जितक्या जास्त, तितक्या नकला जास्त.

आता बाहेरचा मॉनिटर या चित्रात आणला की बाजू पालटतात. खेळ स्वतंत्र चिप रंगवत असेल आणि मॉनिटरही तिच्याच पोर्टाला असेल, तर फ्रेम जिथे तयार होते तिथूनच केबलवर जाते. नक्कल नाही, उशीर नाही. तोच मॉनिटर अंगभूत चिपच्या पोर्टाला लावला तर लॅपटॉपच्या पडद्याला लागू होणारी सगळी वाहतूक त्यालाही लागू होते. पूर्ण वेग हवा असणाऱ्याने मॉनिटर स्वतंत्र चिपच्या पोर्टाला लावावा, यात वादाला जागा नाही.

उलटी परिस्थिती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मॉनिटर स्वतंत्र चिपच्या पोर्टाला आहे आणि काम आहे साधे लेखन. ब्राउझर आणि लेखनाचा प्रोग्राम विजेची बचत म्हणून अंगभूत चिपवरच चालतात. त्यांच्या खिडक्या मात्र बाहेरच्या मॉनिटरवर दिसायला हव्यात, म्हणून त्यांचे चित्र रॅममधून स्वतंत्र चिपच्या मेमरीत नेले जाते. नक्कल आता उलट्या दिशेने होते. लिनक्समध्ये तर अनेकदा बाहेरच्या मॉनिटरचा अख्खा डेस्कटॉप आधी अंगभूत चिप रंगवते आणि मग पलीकडे धाडते. फोर-के मॉनिटरवर खिडकी ओढताना ती हाताच्या मागे रेंगाळू लागली, आणि तीच खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावर सुरळीत सरकली, तर पहिला संशय या नकलेवर घ्यावा.

जागी चिप काय खाते

बॅटरीच्या दृष्टीने नक्कल ही किरकोळ बाब आहे. खरा खर्च चिपला झोपू न देण्याचा.

स्वतंत्र चिपला काम नसते तेव्हा तिचा वीजपुरवठा जवळजवळ पूर्ण तोडला जातो. तिची मेमरी, तिच्याकडे जाणारा पीसीआय एक्स्प्रेस मार्ग, सगळे बंद होते. दोन चिपांच्या लॅपटॉपची बॅटरी साध्या कामात चांगली टिकते ती याच झोपेमुळे. पण तिच्या पोर्टाला मॉनिटर जोडला की तिच्या डिस्प्ले इंजिनाला सेकंदाला ६० वेळा चित्र वाचून पाठवावे लागते. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड अर्धा तास उभी असली तरी हे वाचन थांबत नाही. वाचायचे तर मेमरी चालू हवी, मेमरी चालू तर तिचा वीजपुरवठा चालू हवा, आणि अंगभूत चिपकडून चित्र घ्यायचे तर मार्गही उघडा हवा. मार्ग उघडा राहिला की प्रोसेसरलाही त्याच्या सर्वांत गाढ विश्रांतीच्या अवस्थेत उतरता येत नाही. एका चिपची जाग अशी अख्ख्या यंत्रात पसरते. हा वाढीव खर्च यंत्रागणिक बदलतो. काही वॉटपासून दहा-पंधरा वॉटपर्यंत तो जाऊ शकतो.

त्यात मेमरीच्या गतीची भर पडते. चिप निवांत असताना मेमरीची गती खाली आणून वीज वाचवते. गती बदलायला मात्र एक क्षणभराची फट लागते, जेव्हा पडद्याकडे काहीच पाठवायचे नसते. दोन फ्रेमच्या मध्ये अशी बारीक फट असते. एकाच चिपला दोन वेगळ्या ठेक्यांचे मॉनिटर जोडले तर दोघांच्या फटी एकाच वेळी येत नाहीत. फार वेगवान पडद्यात ही फटच अपुरी पडते. मग चिप मेमरी वरच्या गतीवरच ठेवते, आणि काहीही न करता खर्च वाढतो. लेखनापुरता वापर असेल तेव्हा बाहेरचा मॉनिटर १४४ वरून ६० हर्ट्झवर आणल्याने काही यंत्रांचा पंखा थांबतो, त्याचे कारण हे.

ॲपलच्या इंटेल प्रोसेसरच्या आणि दोन चिपांच्या मॅकबुक प्रोमध्ये तर निवडीला वावच नव्हता. बाहेरचा पडदा कोणत्याही पोर्टाला जोडला तरी स्वतंत्र चिप कामाला लागे आणि मॉनिटर काढेपर्यंत जागी राही. २०२० पासून ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरांकडे वळायला सुरुवात केली. त्यांत ग्राफिक्सचा एकच भाग असल्याने तिथे हा प्रश्न संपला.

व्याख्यानाचा दीड तास

घरी मॉनिटरशेजारीच चार्जरची जागा असते, तेव्हा हा खर्च फक्त उष्णतेच्या रूपाने दिसतो. त्याची खरी झळ बसते ती सभागृहात. प्रोजेक्टर भिंतीतल्या विजेवर चालतो, एचडीएमआयची लांब केबल व्यासपीठावरच्या टेबलापर्यंत आलेली असते, आणि प्लगची जागा पार मागच्या भिंतीला. वक्ता लॅपटॉप बॅटरीवरच ठेवतो. स्लाइड दाखवायला कितीशी वीज लागणार, असे त्याला वाटते आणि ते वाटणे योग्यच आहे.

एक यंत्र धरू. दोन वर्षे वापरलेली, पूर्ण भरली तर ५० वॉट-तास साठवणारी बॅटरी. सभागृहात पोचताना ती ७० टक्के आहे, म्हणजे ३५ वॉट-तास. पाच टक्के उरले की लॅपटॉप आपोआप मिटतो असे धरले तर वापरता येतात साडेबत्तीस. स्वतंत्र चिप झोपलेली असताना स्लाइड दाखवायला सरासरी १० वॉट लागतात. एचडीएमआय केबल लावली, चिप जागी झाली आणि खर्च १२ वॉटने वाढून २२ झाला.

साडेबत्तीसला १० ने भागले की सव्वातीन तास. २२ ने भागले की दीड तासाला एखादे मिनिट कमी. व्याख्यान दीड तासाचे असले तरी केबल वीस मिनिटे आधी जोडलेली असते, कारण प्रोजेक्टरवर चित्र दिसते का ते पाहायचे असते. म्हणजे लॅपटॉप मिटणार तो शेवटची वीसेक मिनिटे उरली असताना, बहुधा समारोपाच्या स्लाइडआधी. वक्त्याच्या घरी हाच लॅपटॉप याच स्लाइड तीन तास दाखवत होता; फरक फक्त केबलचा.

उपाय केबलचाच. त्या लॅपटॉपचे यूएसबी-सी पोर्ट अंगभूत चिपकडे जात असेल तर यूएसबी-सीचे एचडीएमआय करणारा छोटा ॲडॅप्टर लावून सभागृहाची तीच केबल त्यात खोचायची. अंगभूत चिपचे डिस्प्ले इंजिन एक जास्तीचा पडदा थोड्या विजेत सांभाळते, कारण रॅम आणि प्रोसेसर तसेही जागेच असतात. ॲडॅप्टर स्वतः थोडी वीज घेतो, पण ती बारा वॉटच्या जवळपासही जात नाही. शिवाय विंडोजमध्ये Win+P दाबून Second screen only निवडले की लॅपटॉपच्या पडद्यामागचा दिवा बंद होतो आणि आणखी काही वॉट वाचतात. वक्त्याला स्वतःच्या टिपणांसाठी लॅपटॉपचा पडदा हवा असेल तर मात्र ही बचत सोडावी लागते.

कोणते पोर्ट कोणाचे

पोर्टाकडे पाहून हे ओळखता येत नाही. यूएसबी-सीच्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असेल तर त्यातून चित्र निघते एवढे कळते. ते कोणत्या चिपचे, हे नाही. खूण नसलेल्या काही यूएसबी-सी पोर्टांतून चित्र मुळीच निघत नाही.

विंडोजमध्ये मॉनिटर जोडून Settings मध्ये System, मग Display, मग Advanced display उघडावे. मॉनिटर निवडला की त्याच्या नावाखाली तो कोणत्या चिपला जोडला आहे ते लिहिलेले असते. तिथे Intel किंवा AMD च्या अंगभूत चिपचे नाव आले तर मार्ग हलका. NVIDIA GeForce आले तर स्वतंत्र चिप जागी आहे. केबल एकेका पोर्टात लावून हे नाव पाहत गेले की दहा मिनिटांत लॅपटॉपची सगळी जोडणी कळते. लिनक्समध्ये हीच माहिती दोन आज्ञांनी मिळते:

```
ls /sys/class/drm/
cat /sys/bus/pci/devices/0000:01:00.0/power/runtime_status
```

पहिली आज्ञा `card0-eDP-1`, `card1-HDMI-A-1` अशी नावे दाखवते. एकाच `card` क्रमांकाची पोर्टे एका चिपची. `eDP` हा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, म्हणून त्याचा क्रमांक बहुधा अंगभूत चिपचा असतो. दुसऱ्या आज्ञेत `0000:01:00.0` हा स्वतंत्र चिपचा पत्ता आहे; तो वेगळा असेल तर `lspci` मधून पाहावा. उत्तर `suspended` आले तर चिप झोपलेली, `active` आले तर जागी. इथे `nvidia-smi` वापरणे टाळावे, कारण ती आज्ञा चिपला विचारण्यासाठी आधी तिला जागे करते आणि मग ती जागी असल्याचे सांगते.

खर्च मोजायचा तर चार्जर काढून, पडद्याचा उजेड ठरावीक ठेवून, पाच मिनिटे यंत्राला हात न लावता आकडा पाहावा: आधी मॉनिटरशिवाय, मग एका पोर्टातून, मग दुसऱ्या. विंडोजवर HWiNFO सारखा प्रोग्राम बॅटरीतून जाणारे वॉट दाखवतो. लिनक्सवर बऱ्याच यंत्रांत `/sys/class/power_supply/BAT0/power_now` या फाइलमध्ये तो आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो. २२००००००  म्हणजे २२ वॉट. दोन पोर्टांतला फरक पाच वॉटांच्या वर गेला तर कारण बहुधा स्वतंत्र चिपची जागच असते.

अडतात त्या जागा

केबल काढल्यावरही खर्च खाली येत नाही, असा अनुभव येतो. मॉनिटर जोडलेला असताना सुरू केलेला एखादा प्रोग्राम स्वतंत्र चिप धरून बसलेला असतो, आणि तो बंद होईपर्यंत चिप झोपत नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या Desktop या यादीतून घड्याळाशेजारी एक छोटे चिन्ह बसवता येते. स्वतंत्र चिप कोणते प्रोग्राम वापरत आहेत, ते त्यावर टिचकी मारली की दिसते.

याच्या उलट तक्रार अशी की एचडीएमआय अचानक मेले. बॅटरी वाचवण्यासाठी काही लॅपटॉपमध्ये स्वतंत्र चिप पूर्ण बंद करण्याची सोय असते. ती लावली की त्या चिपकडे जाणारे पोर्टही बंद पडते. केबल बदलून, प्रोजेक्टर बदलून काही होत नाही. बिघाड शोधताना ही सोय चालू आहे का, हे आधी पाहावे.

ज्या लॅपटॉपमध्ये मक्स नावाचा वळवणारा स्विच असतो, त्यांत अंगभूत चिपला बाजूला सारून लॅपटॉपचा पडदा थेट स्वतंत्र चिपला जोडता येतो. साध्या मक्ससाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेल्या ॲडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये ते चालू यंत्रातच होते. खेळासाठी हे उत्तम. पण पडदा असा वळवून ठेवला तर बाहेरचा मॉनिटर कोणत्याही पोर्टाला लावला तरी स्वतंत्र चिप झोपू शकत नाही. कारण लॅपटॉपचा पडदाच आता तिच्या गळ्यात आहे. प्रवासाला निघताना हा स्विच मागे फिरवायला विसरलेला लॅपटॉप मॉनिटरशिवायही अर्ध्या वेळात रिकामा होतो.

डॉकचेही दोन प्रकार आहेत. साधा यूएसबी-सी डॉक चित्राचा संकेत फक्त पुढे देतो. तो ज्या पोर्टात लावला, त्या पोर्टाचीच चिप कामाला लागते, म्हणून वरचे सगळे त्याला लागू आहे. डिस्प्लेलिंकची चिप असलेला डॉक वेगळ्या वाटेने जातो: पडद्याचे चित्र दाबून छोटे करून ते साध्या यूएसबी माहितीसारखे पाठवले जाते आणि डॉकमध्ये उलगडले जाते. दाबण्याचे काम मुख्यतः प्रोसेसर करतो. स्थिर स्लाइडला ते जवळजवळ फुकट पडते, हलत्या व्हिडिओला प्रोसेसर तापतो, आणि खेळासाठी हा मार्ग घेऊ नये. स्वतंत्र चिप मात्र त्यात झोपलेली राहू शकते. ज्या लॅपटॉपची चित्र देणारी सगळी पोर्टे स्वतंत्र चिपकडे आहेत, त्याच्या मालकाला बॅटरीवर स्लाइड दाखवायच्या असतील तर हाच एक आडमार्ग उरतो. तोही नको असेल तर लांब एक्स्टेन्शन बोर्ड सोबत न्यावा.